दोन बेडरूममध्ये एकाच वेळी काम सुरू झालं की वाय-फाय का मंदावतं: टक्कर कशी ओळखावी

घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच नव्या टॉवरांमध्ये मायवन पद्धतीचं बांधकाम असतं. त्यात आतल्या भिंतीही काँक्रीटच्या. राउटर हॉलमध्ये, दोन बेडरूम हॉलच्या दोन बाजूंना आणि दोन्हीकडे एकेक लॅपटॉप, अशी मांडणी धरू. एकेकटा लॅपटॉप छान चालतो, पण दोघांनी एकदम मोठ्या फायली वर चढवायला घेतल्या की दोघेही अडखळतात. असं होण्यामागे बऱ्याचदा हवेतली टक्कर असते.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे तपासणी सोपी जाईल. जुन्या इथरनेटमध्ये सगळे संगणक एकाच केबलवर असत. पाठवता पाठवताच संगणक केबलवरचं व्होल्टेज तपासत असे. दुसऱ्याचा सिग्नल मिसळला की व्होल्टेज बदले आणि दोघेही तिथेच थांबत. १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये फ्रेम, म्हणजे एका वेळी पाठवायचा माहितीचा तुकडा, किमान ६४ बाइटची ठेवली होती ती यासाठीच. ती पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात केबलच्या दुसऱ्या टोकाची टक्करही कळून येते. (आजच्या स्विचवर येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या असल्याने हा प्रश्नच उरलेला नाही.)

वाय-फायमध्ये ही युक्ती दोन कारणांनी चालत नाही. कार्ड १०० मिलीवॅटने, म्हणजे २० डीबीएमने, पाठवत असेल आणि दुसऱ्याचा सिग्नल त्याच्यापर्यंत −८० डीबीएमने पोहोचत असेल, तर फरक १०० डेसिबलचा होतो. स्वतःचा आवाज १००० कोटी पट मोठा! त्यात दुसऱ्याचा सिग्नल साध्या कार्डाला कळणं शक्य नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: नुकसान पाठवणाऱ्यापाशी होत नाही, घेणाऱ्यापाशी होतं. आपल्या उदाहरणात दोन्ही लॅपटॉप राउटरला −६० डीबीएमने स्पष्ट ऐकू येतात. पण त्या दोघांमध्ये दोन काँक्रीटच्या भिंती आणि दुप्पट अंतर आहे, त्यामुळे एकमेकांपर्यंत सिग्नल समजा −९२ डीबीएमने पोहोचतो. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर −८२ पर्यंतचा वाय-फाय सिग्नल कार्डाने ओळखलाच पाहिजे, असं मानक सांगतं. त्याखाली हमी नाही. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही पाठवतात आणि राउटरपाशी दोन्ही फ्रेम खराब होतात.

म्हणून वाय-फाय टक्कर टाळायचा प्रयत्न करतं. आधी ऐकायचं, हवा मोकळी झाली की ० ते १५ मधला कोणताही आकडा घ्यायचा, तेवढे ९-९ मायक्रोसेकंदांचे टप्पे मोजायचे, मग पाठवायचं. मध्येच कोणी बोललं तर मोजणी तिथेच थांबते. फ्रेम नीट मिळाली तर ५ गिगाहर्ट्झवर राउटर १६ मायक्रोसेकंदांनी पोच देतो. पोच आली नाही, तर काहीतरी बिघडलं एवढंच कळतं. टक्कर होती की सिग्नल कमजोर, ते कळत नाही. मग फ्रेम पुन्हा पाठवली जाते आणि आकड्याची मर्यादा ३१, ६३ अशी वाढत १०२३ पर्यंत जाऊ शकते. शिवाय खराब झालेली फ्रेम मध्ये थांबवता येत नाही, तिचा पूर्ण वेळ वाया जातो.

आता तपासणी. एक संगणक वायरने राउटरला जोडा आणि त्यावर दोन टर्मिनलमध्ये वेग मोजणाऱ्या iperf3 चे सर्व्हर सुरू करा:

```
iperf3 -s -p 5201
iperf3 -s -p 5202
```

पहिल्या लॅपटॉपवर खालची आज्ञा द्या, दुसऱ्यावर तीच 5202 घालून. पत्ता तुमच्या संगणकाचा टाका:

```
iperf3 -c 192.168.1.10 -p 5201 -t 60
```

आधी एकेकट्याने चालवा, मग दोन्ही एकदम. लिनक्स लॅपटॉपवर प्रत्येक वेळी चाचणीच्या आधी आणि नंतर `iw dev wlan0 station dump` मधले `tx packets` आणि `tx retries` टिपून घ्या (wlan0 च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव). एकेकट्याला २०० मेगाबिट मिळत असतील, तर दोघांना साधारण शंभर-शंभर मिळणं ही नुसती वाटणी झाली. पण दोघांची बेरीजच १०० च्या आसपास आली आणि `tx retries` फक्त एकत्र चालवतानाच उसळले, तर ती टक्कर समजा. एकट्यानेही ते भरपूर येत असतील, तर कमजोर सिग्नल किंवा शेजारच्या फ्लॅटचं वाय-फाय तपासा. खात्रीसाठी एक लॅपटॉप दुसऱ्याच्याच खोलीत आणून पुन्हा चालवा. आता दोघे एकमेकांना ऐकतात, त्यामुळे बेरीज सुधारली तर निदान पक्कं.

उपाय म्हणून पाठवण्याआधी परवानगी मागायला लावता येतं. लॅपटॉप छोटी आरटीएस फ्रेम पाठवतो, राउटर सीटीएसने उत्तर देतो. ते उत्तर पलीकडच्या बेडरूमलाही ऐकू येतं आणि तिथला लॅपटॉप तेवढा वेळ गप्प राहतो.

```
sudo iw phy phy0 set rts 500
```

५०० बाइटपेक्षा मोठ्या फ्रेमसाठी आता परवानगी मागितली जाईल. ही आज्ञा दोन्ही लॅपटॉपवर द्यायची. लोक राउटरच्या पानावर हा आकडा बदलतात आणि फरक पडत नाही म्हणतात, कारण तिथला आकडा राउटरने स्वतः पाठवलेल्या फ्रेमनाच लागू होतो. काही ड्रायव्हर ही आज्ञा स्वीकारत नाहीत, आणि टक्कर नसेल तर या जादा फ्रेमनी वेग थोडा कमीच होतो. म्हणून बदलानंतर तीच चाचणी पुन्हा घ्या.

एका बेडरूमपर्यंत कॅट-६ केबल नेता येत असेल, तर मात्र तोच उपाय आधी करावा. तिथे लॅपटॉप थेट जोडा, किंवा दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा आणि एक चॅनेल ३६ वर, दुसरा १४९ वर ठेवा. केबलशिवाय नुसता रिपीटर लावू नका. तो त्याच चॅनेलवर प्रत्येक फ्रेम पुन्हा पाठवत असेल, तर हवेतली गर्दी आणखी वाढते.