ऑफर लेटर असं लिहा की पहिल्या पगाराला कोणी दचकू नये

मालवण-तारकर्लीकडच्या पंचवीस-तीस माणसांच्या हॉटेलला फ्रंट ऑफिस सुपरवायझर हवा आहे, असं धरू. मुलाखत झाली, माणूस पसंत पडला. आता इंटरनेटवरचा नमुना उचलून त्यात नाव बदलायचं, हा सल्ला सगळेच देतात. तो ऐकू नका. त्या नमुन्यात बंगळुरूच्या आयटी कंपनीच्या अटी असतात आणि जून ते ऑगस्ट रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांबद्दल एक अक्षर नसतं.

पदाचं नाव, कामाचं ठिकाण, कोणाच्या हाताखाली काम आणि रुजू होण्याची तारीख, हे चार ओळींत संपवा. फक्त ‘व्यवस्थापन सांगेल ते इतर काम’ या वाक्याला कुंपण घाला. दिवाळीत आणि मे महिन्यात सुपरवायझरला रेस्टॉरंटही बघावं लागणार असेल, तर तसंच लिहा. बुडालेली साप्ताहिक सुट्टी किती दिवसांत भरून मिळेल, तेही त्याच ओळीत. गणपतीची रजा मिळणार की नाही, हे कोकणात तोंडी ठेवायचं काम नाही.

सगळी गडबड होते ती पगाराच्या परिच्छेदात. ‘वार्षिक पॅकेज 3,96,096 रुपये’ एवढंच लिहिलं की समोरचा बाराने भागतो. त्याच्या डोक्यात 33,008 बसतात आणि खात्यात 26,000 येतात. यात मालकाने लबाडी केलेली असतेच असं नाही. हिशेब पाहा.

बेसिक 22,000 आणि घरभाडे भत्ता 6,000, म्हणजे एकूण पगार 28,000. त्यावर मालकाचा पीएफ हिस्सा, 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के धरून, 1,800. पीएफसोबतचा विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून 1 टक्का, म्हणजे 150. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या 4.81 टक्के, 1,058. सिझनचा इन्सेंटिव्ह वर्षाला 24,000, म्हणून महिन्याला 2,000 धरलेले. बेरीज 33,008. खात्यात पडताना मात्र 28,000 मधून कर्मचाऱ्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 जातो आणि 26,000 उरतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो, म्हणून त्या महिन्यात 25,900. तेवढ्या शंभर रुपयांसाठीही फोन येतो, तेव्हा तेही लिहून टाका.

म्हणून पत्रात आधी महिन्याचा एकूण पगार द्या, खाली कपाती आणि त्याखाली ठळक अक्षरात हातात येणारी रक्कम. मालकाचा खर्च दाखवायचाच असेल तर वेगळ्या तक्त्यात, ‘ही रक्कम दरमहा हातात मिळत नाही’ असं वर लिहून. ग्रॅच्युइटी तर पगाराच्या तक्त्यात नकोच. कायम नोकरीत ती सर्वसाधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. दोन सिझन करून जाणाऱ्याला ती पगार म्हणून दाखवणं म्हणजे न येणारा पैसा मोजून देणं. इन्सेंटिव्हही तसाच. तो कशावर ठरतो, कोणत्या महिन्यात मिळतो आणि मध्येच नोकरी सोडली तर मिळतो का, ही तीन उत्तरं नसतील तर ती रक्कम पत्रातून काढा.

पीएफ कोणत्या रकमेवर, हेही स्पष्ट हवं. वरच्या उदाहरणात तो 15,000 वर धरला. पूर्ण बेसिकवर कापला तर कर्मचाऱ्याचा हिस्सा 2,640 होतो आणि हातात 25,160 येतात. दोन्ही रीती चालतात, पण ‘नियमानुसार पीएफ’ एवढ्या शब्दांतून कोणती ते कळत नाही आणि महिन्याला 840 रुपयांचा फरक पडतो. भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवण्याची जुनी युक्तीही सोडा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

राहणं-जेवण हा कोकणातला खास खड्डा. ‘निवास व भोजनाची सोय’ या शब्दांत फुकट की पैसे कापून, हे कुठेच नाही. मेसचे 1,500 कापणार असाल तर हातातली रक्कम 24,500 होते, मग 26,000 लिहूच नका. खोलीत किती जण, वीजबिल कोणाचं आणि नोकरी सुटल्यावर खोली किती दिवसांत सोडायची, तेही लिहा.

पावसाळ्याचंही तसंच. बोटिंग आणि स्कूबा बंद, पर्यटक नाहीत, म्हणून जूनमध्ये ‘अर्धा पगार चालेल ना’ असं विचारण्याची पद्धत आहे. पत्रात बारा महिन्यांचा पगार लिहिला असेल तर ते चालत नाही. नोकरी फक्त सिझनची असेल तर सुरुवातीची आणि शेवटची तारीख घालून ठराविक मुदतीची नेमणूक द्या. बारमाही असेल तर हे वाक्य घाला: ‘जून ते ऑगस्ट या काळातही वरीलप्रमाणे पूर्ण मासिक पगार मिळेल.’

प्रोबेशन ‘सहा महिने’ असं न लिहिता तारखांत लिहा: 1 ऑक्टोबर 2026 ते 31 मार्च 2027. त्यानंतर काय, हा प्रश्न बहुतेक पत्रं मोकळा सोडतात. मुदत संपली, मालक गप्प राहिला, तर माणूस आपोआप कायम होतोच असं नाही. ते पत्राच्या आणि लागू नियमांच्या शब्दांवर ठरतं आणि तिथूनच भांडण सुरू होतं. त्यापेक्षा असं लिहा: ‘31 मार्च 2027 पर्यंत लेखी निर्णय कळवला जाईल. मुदत फक्त एकदा, जास्तीत जास्त तीन महिने, कारण देऊन वाढवता येईल. लेखी काहीच न कळवल्यास 1 एप्रिलपासून आपण कायम समजले जाल.’ शेवटच्या वाक्याला मालक बिचकतात, पण कॅलेंडरवर एक खूण केली की झालं.

प्रोबेशन संपल्यावर पीएफ सुरू करू, हे मात्र चुकीचं. हॉटेलला पीएफ लागू असेल आणि माणूस त्यात बसत असेल तर कपात रुजू झाल्या दिवसापासून.

नोटीस दोन्ही बाजूंना सारखी ठेवा: प्रोबेशनमध्ये 15 दिवस, नंतर 30. नोटिसीऐवजी पैसे भरायचे तर बेसिकवर की एकूण पगारावर, ते सांगा. तीस दिवसांसाठी हा फरक 22,000 की 28,000 असा आहे.

‘कंपनीचे वेळोवेळी बदलणारे नियम लागू राहतील’ ही ओळ ठेवायची तर नियमपुस्तिका सोबत जोडा आणि पगार, पद, ठिकाण लेखी संमतीशिवाय बदलणार नाही, असं खाली घाला. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची अट नको. झेरॉक्स घ्या, मूळ बघून परत करा.

शेवटी ऑफर किती तारखेपर्यंत खुली ते लिहा, नाहीतर डिसेंबरचा उमेदवार मार्चमध्ये बॅग घेऊन उभा राहतो. दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, पगाराच्या तक्त्यावरही.