पुरळाचा फोटो काढायला आईला शिकवताना

व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्यासाठी आयांना मदत करायला तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल, तर पहिली गोष्ट अशी की चालू कॉलमध्ये पुरळ दाखवण्यावर भरवसा ठेवू नका. नेटवर्क जरा कमी झालं की ॲप आपोआप चित्राचा दर्जा उतरवतं. आवाज नीट येत राहतो, त्यामुळे आईला वाटतं सगळं ठीक चाललंय. पण पलीकडे डॉक्टरांना त्वचेवर फक्त गुलाबी धुरकटपणा दिसत असतो. शिवाय आई समोरचा कॅमेरा वापरत असते, आणि बऱ्याच फोनमध्ये तो मागच्या कॅमेऱ्यापेक्षा कमकुवत असतो. म्हणून फोटो आधी काढायचे, आधी पाठवायचे, आणि कॉल बोलण्यासाठी ठेवायचा.

आता हे फोटो कसे काढायचे. घाबरलेली आई फोन थेट पुरळाला टेकवण्याइतका जवळ नेते. जवळ गेलं की जास्त दिसेल, असं वाटणं साहजिक आहे. पण फार जवळच्या वस्तूवर बहुतेक फोनचा कॅमेरा फोकस करूच शकत नाही, आणि वरून फोनची स्वतःची सावली त्याच जागेवर पडते. मी आयांना सांगते, फोन वीतभर लांब धरा, स्क्रीनवर पुरळावर बोट टेकवा, चित्र स्थिर आणि धारदार होईपर्यंत श्वास रोखून थांबा, मग बटण दाबा. मोठं करून बघायचं काम डॉक्टर त्यांच्या स्क्रीनवर करतील. चित्र धारदार असेल तर ते मोठं करता येतं, पुसट असेल तर कशानेच सुधारत नाही. आईला तपासायची पद्धतही शिकवा: काढलेला फोटो दोन बोटांनी मोठा करायचा आणि त्वचेवरची बारीक लव किंवा रेषा दिसतात का ते बघायचं. दिसत असतील तर फोटो चालेल.

पण जवळचा फोटो हा क्रमाने शेवटचा. आधी लांबून एक, ज्यात पूर्ण पाठ, पूर्ण पोट किंवा दोन्ही पाय येतील. मग हातभर अंतरावरून एक, ज्यात पुरळाच्या बाजूची चांगली त्वचाही दिसेल. मग वीतभर अंतरावरून. त्वचेच्या आजारात पुरळ कसं दिसतं याइतकंच ते कुठे आहे आणि कुठे नाही यालाही महत्त्व असतं. नुसता जवळचा फोटो आला तर ते पोट आहे की मांडी, हेही डॉक्टरांना कळत नाही.

एक उदाहरण सांगते. दोन वर्षांच्या मुलाच्या पोटावर बारीक लालसर पुटकुळ्या होत्या आणि तो रात्री खाजवून उठत होता. आईने पोटाचे जवळून बरेच फोटो काढले होते, सगळे जवळपास सारखे. त्यावरून डॉक्टर म्हणाले, "हे घामोळं असू शकतं, ॲलर्जी असू शकते, काहीही असू शकतं. अजून कुठे आहे का?" आईचं उत्तर होतं, नाही. मी तिला म्हटलं, "ताई, बाळाचे कपडे काढून खिडकीपाशी घ्या. आपण डोक्यापासून सुरुवात करून सगळं बघू, आणि जिथे काही दिसेल तिथला फोटो काढू." काखेत पुटकुळ्या होत्या. मनगटाच्या आतल्या बाजूला होत्या. बोटं पसरवल्यावर बेचक्यांत बारीक खपल्या दिसल्या, आणि तळपायावर दोन-तीन फोड. आईला तळपायाचे फोड चालण्यामुळे आले असतील असं वाटलं होतं, म्हणून तिने ते पुरळात धरलेच नव्हते.

बेचक्यांचा फोटो काढताना थोडी कसरत झाली, कारण मूल मूठ वळत होतं. आजीने त्याचा तळहात पांढऱ्या टॉवेलवर उताणा धरला आणि आईने फोटो घेतला. तो मोठा केल्यावर एका फोडाजवळ काही मिलिमीटर लांबीची, राखाडी रंगाची नागमोडी रेघ दिसत होती. डॉक्टरांनी लगेच विचारलं, "घरात आणखी कोणाला खाज येते?" आईने स्वतःचं मनगट पुढे केलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ही बहुधा खरूज आहे. राखाडी रेघ म्हणजे त्वचेत शिरलेल्या किड्याचं बीळ. लहान मुलांत ती तळहात-तळपायावरही येते, रात्री खाज वाढते, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत तर ती फिरून येते. म्हणून त्या कॉलमध्ये घरातल्या प्रत्येकाची चौकशी झाली. पोटाचा फोटो कितीही चांगला काढला असता तरी तो निष्कर्ष त्यातून निघाला नसता. तेव्हापासून माझा नियम आहे: आई काहीही म्हणो, तळहात, तळपाय, बेचकी, काख, चेहरा आणि तोंडाच्या आत नजर टाकायचीच. काही नसेल तर "तळहातावर नाही" हेही लिहून पाठवायचं. डॉक्टरांना त्याचाही उपयोग होतो.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चांगला फोन हातात असूनही फोटो बिघडतो तो इथेच. दिवसा खिडकीजवळ, ऊन थेट अंगावर न येता येणारा उजेड सगळ्यात चांगला. दिवा पिवळा असेल तर सगळी त्वचा पिवळट दिसते आणि लाली त्यात हरवते. खिडकीचा उजेड आणि घरातला दिवा एकाच वेळी असले तर अर्धं अंग एका रंगात आणि अर्धं दुसऱ्या रंगात येतं, म्हणून दिवा बंद करायचा. फ्लॅशही नको. तो समोरून सरळ आदळतो, त्वचा चमकते, आणि पुरळ उठलेलं आहे की सपाट आहे हे सांगणाऱ्या बारीक सावल्या पुसून टाकतो. बाळाखालची चादर लाल किंवा हिरवी असेल तर तिचा रंग त्वचेवर पडतो. साधं पांढरं कापड अंथरायचं. त्याच कापडाची कड फोटोत येऊ द्या. ती पांढरीच दिसली तर बाकीचे रंगही बऱ्यापैकी खरे आहेत असं डॉक्टर धरू शकतात. पुरळाशेजारी एखादं नाणं किंवा मोजपट्टी ठेवली की आकाराचा अंदाज येतो.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसतीच जरा गडद दिसते, कधी जवळजवळ दिसतच नाही. अशा वेळी रंगाच्या मागे लागू नका, उंचवटा दाखवा. बाळाला असं वळवा की खिडकीचा उजेड एका बाजूने तिरपा येईल. समोरून सपाट वाटणारे फोड आपली सावली टाकू लागतात आणि नायट्यासारख्या चट्ट्याची उठलेली, खपलीची कड स्पष्ट दिसते. म्हणून जवळचे फोटो दोन काढायला सांगा: एक समोरून, एक तिरप्या उजेडात. बाजूची चांगली त्वचा फोटोत असणं इथे जास्तच गरजेचं आहे, कारण फरक तिच्याशीच तुलना करून कळतो.

फोनची ब्युटी सेटिंग बंद आहे ना, हे स्वतः बघा. काही फोनमध्ये ती आधीपासूनच चालू असते, आणि त्वचा गुळगुळीत करणं हेच तिचं काम, म्हणजे पुरळ मिटवणं. पोर्ट्रेट मोडही नको, तो कडा धुरकट करतो. कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसायची, कारण लहान मूल असलेल्या घरात तिच्यावर बोटांचे ठसे हमखास असतात. मलम, पावडर, लोशन लावण्याआधी फोटो काढायचा. आधीच लावलं असेल तर काय आणि कधी लावलं ते लिहायचं. अंघोळीनंतर किंवा रडून लाल झालेल्या अंगाचा फोटो फसवतो. थोडा वेळ जाऊ द्यायचा.

मूल हलत असेल तर दूध पिताना किंवा झोपेत फोटो घ्यावा. तेही जमत नसेल तर मागच्या कॅमेऱ्याने दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवायचा, सावकाश, एकाच जागेवर.

काही पुरळं टिकतच नाहीत. अंगावर गांधी उठतात तेव्हा एकेक गांधी साधारणपणे चोवीस तासांच्या आत मावळते आणि दुसरीकडे नवी उठते. कॉलच्या वेळी अंग स्वच्छ असेल तर आई ओशाळते. तिला सांगा, दिसलं की लगेच फोटो काढून ठेवा. वेळ फोनमध्ये आपोआप नोंदली जाते. उलट, एखादी लाल, गरम जागा पसरत असेल तर तिच्या कडेवर पेनने रेघ ओढून फोटो घ्यायचा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली का ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, आणि गेली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो लहान होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ दर्जा टिकतो. पाठवायचा फक्त डॉक्टरांनी दिलेल्या ठिकाणी. नातेवाइकांच्या ग्रुपवर नाही, आणि तुमच्या स्वतःच्या फोनवरही घेऊ नका. आईच्या फोनवरूनच पाठवू द्या. पुरळ चेहऱ्यावर नसेल तर चेहरा फोटोत येऊ देऊ नये. लंगोटाच्या जागी पुरळ असेल तर फोटो काढण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. पुष्कळदा ते वर्णन ऐकून प्रत्यक्ष दाखवायला बोलावतात, आणि तेच बरं.

फोटोच्या नादात वेळ घालवू नये असेही प्रसंग असतात. ताप असलेल्या मुलाच्या अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील, तर पारदर्शक काचेच्या पेल्याची बाजू त्यांवर दाबून बघा. दाबल्यावर ठिपके फिके झाले नाहीत, तर लगेच रुग्णालय. गडद त्वचेवर हे तळहात, तळपाय किंवा पापणीच्या आत बघावं लागतं. पण ठिपके फिके झाले म्हणून मूल ठीक आहे असा अर्थ काढू नका. मूल सुस्त पडलंय, श्वास घ्यायला त्रास होतोय, ओठ किंवा चेहरा सुजलाय, त्वचा सोलून निघतेय, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आहे, यांपैकी काहीही असेल तर व्हिडिओची वाट बघायची नाही.

उपचार सुरू झाल्यावरही दर दोन-तीन दिवसांनी त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून, त्याच जागेचा फोटो काढायला सांगा. त्या खरजेच्या मुलाची खाज औषधानंतरही दोन-तीन आठवडे चालू होती आणि आई पुन्हा औषध लावायच्या विचारात होती. तिने बेचक्यांचे आधीचे आणि आत्ताचे फोटो शेजारी ठेवून पाठवले. जुन्या खपल्या सुकत होत्या, नवा फोड एकही नव्हता. औषधाने किडे मेले तरी खाज काही आठवडे राहू शकते, असं सांगून डॉक्टरांनी दुसऱ्यांदा औषध न लावता फक्त खाजेसाठी लोशन दिलं.