फोन १८ टक्क्यांवरच बंद पडतो? बॅटरी थकवणाऱ्या या चुका टाळा

पडद्यावर १८ टक्के दिसत असतात. कॅमेरा उघडताच फोन बंद पडतो. चार्जर न लावता पुन्हा चालू केला तर परत तेवढेच टक्के दिसतात. अशा वेळी पुष्कळ जण फोन रीसेट करतात. त्याने फोनमधली माहिती पुसली जाते आणि बिघाड तसाच राहतो, कारण तो बहुतेक वेळा बॅटरीच्या आत असतो. तो समजून घ्यायचा तर बॅटरी वीज कशी साठवते, तिथून सुरुवात करावी लागते.

फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीत दोन पातळ पट्ट्या असतात. एकीत तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा थर असतो, दुसरीत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा. दोन्हींच्या मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा असतो आणि सगळं इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवात, भिजलेलं असतं. चार्जर लावला की लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून इलेक्ट्रोलाइटमधून ग्रॅफाइटकडे जातात आणि त्याच्या थरांच्या फटींत बसतात. त्यांच्या जोडीचे इलेक्ट्रॉन पडद्यातून जाऊ शकत नाहीत, म्हणून चार्जर त्यांना बाहेरच्या वाटेने ग्रॅफाइटकडे ढकलतो. या ढकलण्यात खर्ची पडलेली ऊर्जा म्हणजेच साठवलेली ऊर्जा. फोन वापरताना सगळं उलट होतं. लिथियमला ऑक्साइडमध्ये राहणं सोयीचं असल्याने आयन आतून परततात, इलेक्ट्रॉन फोनच्या सर्किटमधून फिरून येतात आणि जाता जाता स्क्रीन, प्रोसेसर, अँटेना चालवतात.

एका आयनामागे एक इलेक्ट्रॉन, असा हा सरळ हिशोब आहे. म्हणून बॅटरीची क्षमता म्हणजे ये-जा करू शकणाऱ्या लिथियमचा साठा. तो कारखान्यात एकदाच भरला जातो, नंतर त्यात भर पडत नाही. बॅटरीचं म्हातारपण म्हणजे हा साठा घटणं आणि आयनांची वाट अवघड होत जाणं.

दोन्ही नुकसानांचं मोठं कारण एकच आहे. चार्ज झालेल्या ग्रॅफाइटला लागून असलेलं इलेक्ट्रोलाइट स्थिर राहू शकत नाही, ते विघटित होतं. कारखान्यातल्या पहिल्या चार्जिंगलाच त्याचा एक अतिसूक्ष्म थर ग्रॅफाइटवर बसतो. हा थर हवाच असतो, कारण तो लिथियमला वाट देतो आणि पुढचं विघटन रोखतो. पण तो पूर्णपणे रोखत नाही. महिनोन् महिने थर हळूहळू जाड होतो, दर वेळी थोडं लिथियम कायमचं अडकवतो आणि आयनांना त्यातून जायला अधिक जोर लागतो. यालाच अंतर्गत रोध वाढणं म्हणतात. फोन कपाटात पडून असला तरी हे चालूच राहतं.

आता तो १८ टक्क्यांचा फोन घेऊ. हिशोबासाठी धरू की या पातळीला बॅटरीचं व्होल्टेज ३.६५ आहे आणि ते ३.२ च्या खाली गेलं की फोन स्वतःला बंद करतो. कॅमेरा आणि फ्लॅश मिळून क्षणभर २ ॲम्पिअर ओढतात. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज ०.२ ने उतरून ३.४५ होतं आणि फोन चालू राहतो. थकलेल्या बॅटरीचा रोध ०.३ ओहम झाला असेल तर घसरण ०.६ ची होते, व्होल्टेज ३.०५ वर येतं आणि फोन बंद पडतो. भार सुटताच व्होल्टेज परत वर चढतं, म्हणून पुन्हा चालू केल्यावर तेच टक्के दिसतात. बॅटरीत ऊर्जा खरोखर शिल्लक असते, ती हवी त्या वेगाने बाहेर येत नाही, एवढंच. थंडीत आयनांची हालचाल मंदावते आणि रोध आणखी वाढतो, म्हणून हा त्रास आधी थंडीत जाणवतो.

हीच खूण निदानाला कामी येते. जड काम सुरू होतानाच फोन बंद पडत असेल तर रोध वाढला आहे आणि बॅटरी बदलणं हाच उपाय. शून्यापर्यंत नीट चालतो, पण पूर्वीपेक्षा कमी तास, तर लिथियमचा साठा घटला आहे. काहीही चालू नसताना आकडा ४० वरून एकदम १५ वर उडी मारत असेल, तर टक्के मोजणाऱ्या चिपचा अंदाज चुकला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा फोन एकदा पूर्ण उतरू द्यावा आणि मध्ये न थांबवता १०० पर्यंत चार्ज करावा. आणि खिशात नुसता असतानाही फोन कोमट लागत असेल, तर बॅटरीला दोष देण्याआधी वापराच्या यादीत कोणतं ॲप वीज खातंय ते पाहावं.

आता चुका. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पूर्ण भरलेला फोन तासन् तास गरम राहू देणं: उशीखाली चार्जिंग, जाड कव्हर घालून वेगवान चार्जिंग, उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा आणि चार्जर दोन्ही चालू. १०० टक्क्यांना व्होल्टेज सुमारे ४.४ असतं. त्या स्थितीत ऑक्साइडमधलं निम्म्याहून अधिक लिथियम निघून गेलेलं असतं, उरलेला सांगाडा नाजूक होतो आणि त्या बाजूलाही इलेक्ट्रोलाइटचं विघटन होतं. उष्णता ही सगळी क्रिया वेगाने पुढे नेते. नुसत्या रात्रभर चार्जिंगला मात्र घाबरू नये. बॅटरी भरली की फोन प्रवाह तोडतो, त्यामुळे ती गरजेपेक्षा जास्त भरत नाही. नुकसान करते ती भरलेल्या अवस्थेतली गरम रात्र. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, आणि प्रवासाला निघायचं असेल तेव्हा बिनधास्त १०० करा.

दुसरी चूक म्हणजे बॅटरीला अर्धवट चार्जिंगची सवय लागेल या भीतीने ती दर वेळी शून्यापर्यंत उतरवणं. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयनला अशी सवय लागत नाही. उलट खोलवर उतरवून भरताना कण जास्त फुगतात आणि आकसतात, त्यांना तडे जातात आणि प्रत्येक नव्या तड्यावर पुन्हा लिथियम खाणारा थर बसतो. अधूनमधून थोडंथोडं चार्ज केल्याने आयुष्य उधळलं जात नाही. ५० टक्क्यांचं दोनदा चार्जिंग मिळून एकच चक्र मोजलं जातं.

शून्याखालच्या तापमानात चार्ज करणं याहून वाईट. तेव्हा लिथियमला ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ मिळत नाही, ते पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं. त्यातलं काही कायमचं वाया जातं, आणि धातूचे टोकदार काटे वाढून पडद्यापलीकडे पोहोचले तर आतच शॉर्टसर्किट होतं. गारठलेला फोन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग चार्जर लावा.

जुना फोन ठेवून देताना तो रिकामा ठेवू नका. स्वतःहून उतरत बॅटरी फार खाली गेली की तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि अशी बॅटरी पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. सुमारे ५० टक्के चार्ज करून, बंद करून, थंड कोरड्या जागी ठेवा आणि सहा महिन्यांनी परत तेवढाच भरा.

स्क्रीनची कड उचललेली दिसली किंवा मागचं झाकण फुगलं, तर विघटनातून निघालेला वायू आत साठला आहे. दाबून सपाट करणं किंवा टोचून वायू काढणं ही या यादीतली सर्वांत घातक चूक आहे, त्याने बॅटरी पेट घेऊ शकते. फोन बंद करा, चार्जर काढा, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी दुरुस्ती केंद्रातच काढून घ्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.