मोठा व्हिडिओ ब्लूटूथने पाठवू नका

परवा रंकाळ्यावर मावसभावाला लग्नाचा दीड जीबीचा व्हिडिओ द्यायचा होता. त्यानं सवयीनं ब्लूटूथ लावलं आणि पाच मिनिटांत जेमतेम पाच टक्के गेले.

फोन बिघडलेला नव्हता. ब्लूटूथ मुळात हेडफोनसारख्या, कमी बॅटरी खाणाऱ्या कामांसाठी घडवलंय. त्याचा कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला ३ मेगाबिट, आणि हातात पडतात साधारण पाव एमबी. म्हणजे दीड जीबीला पावणेदोन तास! खोक्यावर ‘ब्लूटूथ ५’ छापलेलं असलं तरी फरक नाही. फाइल जुन्याच पद्धतीनं जाते.

मग मी त्याला शेअरच्या यादीत Bluetooth ऐवजी Quick Share निवडायला लावलं. यात ब्लूटूथ फक्त समोरचा फोन शोधून देतं. फाइल मात्र दोन फोनमधल्या थेट वायफायवरून जाते, त्यामुळे इंटरनेटचा डेटाही लागत नाही. सेकंदाला वीसेक एमबी मिळाले आणि सव्वा मिनिटात काम झालं.

त्याआधी दोन्ही फोनवर वायफाय आणि ब्लूटूथ चालू ठेवा, हॉटस्पॉट बंद करा. घेणाऱ्यानं Quick Share च्या सेटिंगमध्ये Everyone निवडावं, नाहीतर त्याचं नाव दिसेलच असं नाही. टक्के मुंगीच्या पावलानं सरकत असतील तर फाइल ब्लूटूथवरच अडकलीय असं समजा. रद्द करून, वायफाय बंद-चालू करून पुन्हा पाठवा. आयफोन ते आयफोन असेल तर AirDrop हेच काम करतं.