एसीई इन्हिबिटर बंद करून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू करताना या चुका टाळा

हार्ट फेल्युअरच्या पेशंटला सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन लिहून देणं आता कुणालाही येतं. ते लिहिताना जुनी गोळी आठवणीने बंद करणं मात्र अजून बऱ्याच जणांना जमत नाही. डिस्चार्ज कार्डावर नवं औषध ठळक अक्षरात असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘बाकी औषधे पूर्वीप्रमाणे’ एवढंच असतं. या तीन शब्दांवर माझा फार राग आहे. का, ते सांगतो, पण आधी हे औषध करतं काय ते बघू.

हृदयाच्या भिंतीवर ताण आला की स्नायूपेशी नॅट्रियुरेटिक पेप्टाइड सोडतात. अलिंदातून मुख्यतः एएनपी आणि निलयातून बीएनपी. ही पेप्टाइड रक्तवाहिन्या सैल करतात, मूत्रपिंडातून मीठ-पाणी बाहेर काढतात आणि रेनिन-अल्डोस्टेरॉनला लगाम घालतात. म्हणजे थकलेलं हृदय स्वतःच स्वतःवरचा भार हलका करायला बघत असतं. पण नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम ही पेप्टाइड तोडून टाकतं. सॅक्युबिट्रिल पोटात गेल्यावर त्याचं सॅक्युबिट्रिलॅट होतं आणि ते या एन्झाइमला अडवतं. पेप्टाइड जास्त वेळ टिकतात, त्यांचा परिणाम वाढतो.

इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं वाक्य विसरलं जातं. नेप्रिलायसिन निवडून फक्त चांगली पेप्टाइड तोडत नाही. तेच एन्झाइम अँजिओटेन्सिन-२ सुद्धा तोडतं आणि ब्रॅडिकायनिनही. त्याला अडवलं की ही दोन्हीही वाढतात. या औषधाचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

अँजिओटेन्सिन-२ वाढणार, म्हणून नेप्रिलायसिन इन्हिबिटर एकटा देऊन भागत नाही. कँडोक्सॅट्रिल नावाच्या जुन्या औषधाने ते करून पाहिलं होतं. पेप्टाइड वाढली, पण रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थही वाढला आणि फायदा हातचा गेला. म्हणजे सोबतीला अँजिओटेन्सिनला रोखणारं काहीतरी हवंच. मग एसीई इन्हिबिटरच का नाही जोडला? तेही करून झालंय. ओमापॅट्रिलॅट हे औषध एसीई आणि नेप्रिलायसिन दोन्ही अडवायचं. पण ब्रॅडिकायनिन तोडणारी मुख्य एन्झाइमं नेमकी हीच, आणि ते साचलं की ओठ, जीभ, घसा सुजतो, म्हणजेच अँजिओएडीमा होतो. ऑक्टेव्ह चाचणीत २५ हजारांहून जास्त उच्च रक्तदाबाचे पेशंट होते. त्यात एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी ०.६८ टक्के लोकांना अँजिओएडीमा झाला, ओमापॅट्रिलॅट घेणाऱ्यांपैकी २.१७ टक्के लोकांना. औषध बाजारात आलंच नाही. म्हणून आजच्या गोळीत सॅक्युबिट्रिलच्या जोडीला वल्सार्टन आहे. ते अँजिओटेन्सिन-२ ला रिसेप्टरवरच थोपवतं आणि ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नाही.

आता ‘बाकी औषधे पूर्वीप्रमाणे’कडे येऊ.

साधारण साठीचे एक काका होते. ईएफ २८ टक्के, जिना चढताना दम लागायचा, एनालाप्रिल १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू होतं. एका ठिकाणी त्यांना नवी गोळी सुरू केली आणि एनालाप्रिल बंद करा असं नीट लिहूनही दिलं. त्यांनी ते इमानेइतबारे बंद केलं. पण त्यांच्याकडे बीपीची दुसरी एक स्ट्रिप होती, फार पूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, पेरिंडोप्रिल आणि अम्लोडिपिन एकत्र असलेली. कार्डावर तिचा उल्लेख नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं. काका ती ‘साधी बीपीची गोळी’ म्हणून अधूनमधून घ्यायचे. काही दिवसांनी सकाळी त्यांचा खालचा ओठ सुजला, दुपारपर्यंत जीभ जड झाली, आवाज घोगरा झाला. अंगावर पित्ताच्या गांधी नाहीत, खाज नाही. जवळच्या दवाखान्यात अ‍ॅलर्जी समजून अँटीहिस्टामिन आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. सूज तशीच. ती उतरणारही नव्हती, कारण हा खेळ हिस्टामिनचा नव्हताच, ब्रॅडिकायनिनचा होता. आमच्याकडे आले तेव्हा लाळ गिळता येत नव्हती. भूलतज्ज्ञांनी जागं ठेवूनच नाकातून श्वासनळीत नळी घातली म्हणून निभावलं. बायकोने घरून आणलेली औषधांची पिशवी टेबलावर ओतली तेव्हा ती स्ट्रिप सापडली. त्यांना सॅक्युबिट्रिल आणि एसीई इन्हिबिटर दोन्ही कायमचे बंद.

तेव्हापासून माझी सवय एकच आहे. कागद नाही, पिशवी बघायची. घरातल्या सगळ्या स्ट्रिप आणायला सांगायच्या आणि नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेलं जे काही दिसेल ते पेशंटच्या समोर बाजूला काढायचं. ब्रँडच्या नावावरून हे कळत नाही, मागची घटकांची बारीक अक्षरं वाचावी लागतात. वेळ लागतो. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी हे औषध सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एसीई इन्हिबिटरचा शेवटचा डोस आणि नव्या गोळीचा पहिला डोस यात ३६ तासांचं अंतर हवं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण पेशंटला ‘३६ तास थांबा’ असं सांगतात तिथे घोळ होतो. तास कुणी मोजत बसत नाही. वार आणि वेळ लिहून द्या. एनालाप्रिलची शेवटची गोळी सोमवारी सकाळी ८ ला घेतली, तर नवी पहिली गोळी मंगळवारी रात्री ८ ला. शेवटची सोमवारी रात्री ८ ला असेल, तर बुधवारी सकाळी ८ ला. मधल्या काळात बीपीची काळजी वाटून ‘एखादी अर्धी’ घेणारे महाभाग असतात, त्यांना आधीच बजावून ठेवा. उलट्या दिशेनेही हाच नियम लागू आहे: नवी गोळी सोसली नाही आणि परत एनालाप्रिलवर यायचं असेल, तरी ३६ तास. आधी टेल्मिसार्टन, लोसार्टन असं काही चालू असेल तर थांबायची गरज नाही, पुढच्या डोसच्या वेळी बदला. फक्त ते बंद करायला विसरू नका, गोळीत वल्सार्टन आहेच.

दुसरी चूक मला जवळजवळ तितकीच छळते. सुरू केल्यावर बीएनपी तपासायचं आणि आकडा बघून घाबरायचं.

एका बाईंचं सांगतो. गोळी सुरू करून सहा आठवडे झाले होते. दम कमी, पायाची सूज गेलेली, वजन अडीच किलोने उतरलेलं. एका उत्साही ज्युनिअरने बीएनपी पाठवलं. आधीचं ३८०, आता ५२०. बाईंकडे न बघता त्याने रिपोर्टकडे बघितलं आणि लघवीच्या गोळीचा डोस दुप्पट केला. दहा दिवसांनी बाई उभ्या राहिल्या की डोळ्यांसमोर अंधारी येत होती, वरचं बीपी ८६, क्रिएटिनिन १.१ वरून १.९. हृदय बिघडलेलं नव्हतं, बाई कोरड्या पडल्या होत्या. नशिबाने सुरुवातीला एनटी-प्रोबीएनपीही करून ठेवलेलं होतं, ३,२०० च्या आसपास. ते परत केलं तर १,४०० निघालं. लघवीची गोळी कमी केली आणि सगळं जागेवर आलं.

कारण सोपं आहे. हृदयपेशी प्रोबीएनपी बनवते, त्याचे दोन तुकडे होतात. एक काम करणारं बीएनपी, दुसरा निष्क्रिय एनटी-प्रोबीएनपी. नेप्रिलायसिन पहिल्याला तोडतं, दुसऱ्याला हात लावत नाही. म्हणून या गोळीवर बीएनपी थोडं वाढलं तर ते औषधाचंच काम असू शकतं. एनटी-प्रोबीएनपी मात्र भिंतीवरचा ताण खरोखर कमी झाला तरच उतरतं. अर्थात मूत्रपिंड बिघडलं तर तेही वाढतं, त्यामुळे क्रिएटिनिनसोबतच वाचा. माझ्या पेशंटच्या फायलीवर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो: ‘एनटी-प्रोच करणे’. लॅबमध्ये बीएनपीच होत असेल, तर सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी आलेला आकडा नवा पाया धरा आणि जुन्याशी तुलना सोडून द्या. एक मात्र सांगतो: पेशंटला दम वाढलाय, वजन चढलंय आणि बीएनपीही चढलंय, तर ‘औषधामुळे असेल’ म्हणून सोडून देणं हा दुसऱ्या टोकाचा आळस झाला.

डोसबद्दल थोडक्यात. गोळ्या २४/२६, ४९/५१ आणि ९७/१०३ मिलिग्रॅमच्या. काही पाकिटांवर बेरीज करून ५०, १००, २०० छापलेलं असतं. कुठलीही असो, दिवसातून दोनदा. वरच्या काकांसारखं एनालाप्रिल दिवसाला २० मिलिग्रॅम सोसत असेल तर मधल्या गोळीने सुरुवात. दिवसाला १० किंवा त्याहून कमी, आधी काहीच नाही, किंवा ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर सगळ्यात लहान. दोन ते चार आठवड्यांनी दुप्पट. आठवड्यात पूर्ण डोस गाठायची घाई असणारेच महिन्याभरात ‘सोसलं नाही’ असं लिहून औषध बंद करतात.

बीपी ९६ दिसलं म्हणून बंद करू नका. चक्कर येते का ते विचारा. येत असेल तर आधी लघवीची गोळी, अम्लोडिपिन आणि प्रोस्टेटसाठी चालू असलेली अल्फा ब्लॉकर बघा. बऱ्याचदा चोर तिथेच असतो.

पोटॅशियम आणि क्रिएटिनिन एक-दोन आठवड्यांत. टाळाटाळ नको.

गरोदरपणात नाही. पूर्वी कधीही अँजिओएडीमा झालेला असेल तर नाही.

राहिला प्रश्न बदलायचं कुणाचं. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत कमी ईएफचे आणि लक्षणं असलेले आठ हजारांवर पेशंट होते. एनालाप्रिल १० मिलिग्रॅम दोनदा घेणाऱ्यांपैकी २६.५ टक्के जणांचा हृदयविकाराने मृत्यू झाला किंवा त्यांना हार्ट फेल्युअरसाठी भरती व्हावं लागलं. नव्या गोळीवर २१.८ टक्के. साधारण सव्वादोन वर्षांत शंभरामागे पाच जण वाचले म्हणा. पण या लोकांचं वरचं बीपी सुरुवातीला किमान १०० होतं, पोटॅशियम ५.२ च्या आत होतं, आणि दोन्ही औषधं सोसतात हे आधी तपासून मगच त्यांना चाचणीत घेतलं होतं. तरीही चक्करेसह बीपी उतरण्याचा त्रास नव्या गोळीवर जास्त झाला, १४ टक्के विरुद्ध ९.२. तेव्हा ईएफ ४० किंवा कमी, औषधं घेऊनही दम लागतोय, बीपीला जागा आहे, असा पेशंट दिसला तर बदला. ईएफ ६० असलेल्याला हाच फायदा मिळेल असं गृहीत धरू नका. ४५ च्या वरच्यांसाठी झालेली पॅरॅगॉन-एचएफ चाचणी थोडक्यात हुकली. आणि ताज्या हार्ट अटॅकनंतर, पॅराडाइज-एमआयमध्ये, रामिप्रिलपेक्षा ही गोळी सरस ठरली नाही. तिथे रामिप्रिल चालू असेल तर ते चालू राहू द्या.