गॅस संपत नसतो : फ्रीज नीट थंड होत नसेल तर या चुका टाळा

फ्रीज दुरुस्तीच्या कामात मी सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे, "गॅस संपला असेल, तेवढा भरून द्या." हे वाक्य ग्राहक म्हणतो तेव्हा मला काही वाटत नाही, पण हातात दाब मोजणारे गेज घेतलेला माणूसही तेच म्हणू लागतो तेव्हा मात्र राग येतो. फ्रीजमधील शीतक, ज्याला आपण सगळे गॅस म्हणतो, ते इंधन नव्हे. ते चालताना जळून जात नाही, झिजत नाही आणि वापराने कमीही होत नाही. कारखान्यात ते वजन करून भरले जाते, जोड ब्रेझिंगने, म्हणजे धातूची झाळ देऊन, बंद केले जातात आणि त्यानंतर तेच मोजके ग्रॅम वर्षानुवर्षे त्याच नळ्यांतून फिरत राहतात. ते कमी झाले असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक नसेल तर ते कमी झालेले नाही. तिसरी शक्यता नाही.

ही चूक होते याचे कारण असे की, फ्रीज 'थंडी तयार करतो' असे बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आर १३४ए हे शीतक जवळजवळ वातावरणाच्या दाबाखाली ठेवले तर उणे २५ अंशांच्या आसपास उकळते. फ्रीझरमधील कूलिंग कॉइलमध्ये तो दाब राखलेला असतो. फ्रीझरमधील जिन्नस उणे १८ अंशांवर असला तरी या उकळत्या शीतकापेक्षा तो उबदारच असतो. म्हणून त्याची उष्णता कॉइलमध्ये जाते आणि तिच्या बळावर शीतकाची वाफ होते. कॉम्प्रेसर ही वाफ ओढून दाबतो. दाब इतका वाढवावा लागतो की, ती वाफ खोलीतील हवेपेक्षा अधिक तापमानाला द्रव होऊ शकेल, कारण तसे झाले तरच कंडेन्सरमधून, म्हणजे मागच्या जाळीतून, उष्णता खोलीत जाईल. पुढे केसासारख्या बारीक छिद्राच्या कॅपिलरी नळीतून जाताना द्रवाचा दाब पडतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. म्हणजे मागच्या जाळीतून आतली उष्णता तर बाहेर पडतेच, शिवाय कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही उष्णता होऊन बऱ्याच अंशी तिथूनच बाहेर पडते. ती वाट अडली की आत कितीही गॅस भरा, उपयोग शून्य.

माझी सवय अशी आहे की, हत्यारांची पेटी उघडण्याआधी मी फ्रीजला हात लावतो. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी चटका देणारी असते, तिला बोटांची मागची बाजू क्षणभरच टेकवावी. तिथून कंडेन्सरवर वरपासून खालपर्यंत हात फिरवत यावे. सुरुवातीला गरम, मधल्या बऱ्याच भागात एकसारखे उबदार आणि शेवटी पाणी व कचरा टिपणाऱ्या फिल्टर ड्रायरजवळ खोलीपेक्षा जरासे अधिक, असे लागले तर शीतक फिरत आहे आणि द्रवही होत आहे. मग फ्रीझर उघडून कॉइलवर गोठलेले दव कुठपर्यंत पोहोचले आहे ते पाहावे. कंडेन्सर गार किंवा कोमट आणि कॉइलच्या पहिल्या काही इंचांवरच दव असेल तर शीतक कमी आहे किंवा वाट तुंबली आहे. कंडेन्सर चांगला तापलेला असूनही आत थंडावा नसेल, तर गॅसचा विचार आधी डोक्यातून काढून टाकावा. या तपासणीला पाच मिनिटे लागतात. नव्या मुलांना ती पाच मिनिटे नको असतात, कारण गेज लावले की काम केल्यासारखे दिसते.

याच घाईचा एक नमुना मी स्वतः निस्तरला आहे. एका घरात फ्रीजसाठी सुतारकाम करून कोनाडा केला होता : दोन्ही बाजूंना फळ्या, मागे भिंत आणि वर बंद कप्पा. तक्रार अशी होती की, कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नाही आणि फ्रीझरमधील बर्फ मऊ पडतो. माझ्याआधी दोघे येऊन गेले होते. पहिल्याने नळीला भोक पाडून बसणारा पिअर्सिंग व्हॉल्व्ह लावून 'थोडा' गॅस घातला, दुसऱ्याने त्यात आणखी घातला. वजनकाटा दोघांनीही वापरला नव्हता. दोघांचेही माप म्हणजे गेजचा काटा आणि अंदाज.

मी पोहोचलो तेव्हा कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या सक्शन नळीवर थेट कॉम्प्रेसरच्या पोटापर्यंत पांढरे दव साचले होते आणि खाली पाण्याचे थारोळे होते. जी वाफ कोरडी यायला हवी तिच्यासोबत द्रवही परत येत आहे, असा त्याचा अर्थ; आणि द्रव दाबण्यासाठी कॉम्प्रेसर बनवलेला नसतो. दर काही मिनिटांनी 'टक्' असा आवाज होऊन ओव्हरलोड, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज तोडणारा रक्षक स्विच, तुटत होता. खोलीचे तापमान ३२ अंश होते, पण फ्रीजमागच्या फटीत तापमापक सोडला तर तो ४७ अंश दाखवू लागला.

सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे. ३२ अंशांच्या मोकळ्या हवेत असा कंडेन्सर साधारण ४५ अंशांना शीतक द्रव करतो. त्यासाठी आर १३४एला सुमारे साडेअकरा बार निरपेक्ष दाब लागतो. मागची हवाच ४७ अंशांची असेल तर कंडेन्सरला ६० अंशांपर्यंत चढावे लागते आणि दाब जवळपास १७ बारवर जातो. कॉम्प्रेसरची ओढाताण वाढते ती वेगळीच, पण त्याहून महत्त्वाची बाब कॅपिलरीच्या दुसऱ्या टोकाला घडते. ४५ अंशांचा द्रव उणे २५ अंशांच्या कॉइलमध्ये शिरताना स्वतःला गार करण्यातच त्याचा सुमारे ४५ टक्के भाग वाफ होऊन जातो. तो द्रव ६० अंशांचा असेल तर हाच भाग ५५ टक्क्यांच्या वर जातो. कॅपिलरी सक्शन नळीला चिकटवलेली असल्याने प्रत्यक्षात हे नुकसान थोडे भरून निघते, पण दिशा तीच राहते : दर फेऱ्याला आतली उष्णता उचलायला उरणारा द्रव सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतो. मालकाला हे 'गॅस कमी झाल्यासारखे' दिसले, आणि दोन्ही कारागिरांनी त्याची री ओढली.

मी फ्रीज कोनाड्यातून बाहेर ओढला. पहिल्या दिवशी एवढेच केले असते तर काम तिथेच संपले असते. आता मात्र जादा गॅसचे दुखणे उरले होते. शीतक रिकाम्या सिलिंडरमध्ये परत काढून तोलले तर १८५ ग्रॅम भरले, आणि तेलात मुरून राहिलेले थोडे वेगळे. फ्रीजच्या पाटीवर १२० ग्रॅम लिहिलेले होते. साबणाचे पाणी लावले तेव्हा पिअर्सिंग व्हॉल्व्हच्या रबराशी बुडबुडेही दिसले, म्हणजे ज्या यंत्राला गळती नव्हती त्याला ती दुरुस्तीनेच दिली होती. व्हॉल्व्ह काढून नळी ब्रेझ केली, ड्रायर बदलला, पंपाने नळ्या रिकाम्या करून व्हॅक्यूम घेतला आणि काट्यावर मोजून १२० ग्रॅम भरले. चार तासांत फ्रीझर उणे १८ अंशांवर आला आणि कॉम्प्रेसर स्वतःहून थांबला. कोनाड्याची वरची फळी काढायला लावून, मागे हातभर नव्हे पण वीतभर जागा ठेवून मगच फ्रीज आत गेला. पिअर्सिंग व्हॉल्व्ह तपासणीपुरता लावावा आणि काम संपताच काढावा. तो कायमचा ठेवून जाणाऱ्याला मी कारागीर मानत नाही.

जिथे खरोखर गळती असते तिथेही घाई महागात पडते, विशेषतः आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असलेल्या फ्रीजमध्ये. याचे भरण पुष्कळदा पन्नासएक ग्रॅमचेच असते, त्यामुळे दहा ग्रॅमचा अंदाज चुकला तरी पाचवा हिस्सा चुकतो. दुसरे असे की, हे शीतक उणे २५ अंशांना उकळते ते वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ६० टक्के दाबाखाली. म्हणून यंत्र चालू असताना कूलिंग कॉइलला बारीक भोक पडले तर गॅस बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा कंडेन्सरमध्ये जाऊन बसते, द्रव होत नाही आणि दाब मात्र वाढवते. अशा यंत्रात वरून गॅस ओतणे म्हणजे चिखलात पाणी घालणे आहे. हा वायू पेट घेणारा असल्याने, नळ्यांत तो शिल्लक असताना ज्योत जवळ नेऊ नये. घरच्या माणसाने तर या यंत्राच्या नळ्यांना हात घालूच नये.

हवेबरोबर बाष्पही येते, आणि त्यातून होणारा बिघाड भल्याभल्यांना चकवतो. फ्रीज काही तास उत्तम चालतो, मग गार करणे थांबवतो, बंद ठेवला की बरा होतो आणि पुन्हा तेच. शीतकासोबत फिरणारा पाण्याचा अंश कॅपिलरीच्या तोंडाशी, जिथे तापमान एकदम पडते, तिथे बर्फ होऊन बसतो आणि वाट बंद करतो. अशा वेळी मी गरम पाण्यात पिळलेले फडके कॅपिलरी कॉइलला मिळते त्या जागी धरतो. मिनिटभरात आत 'सुर्र' असा आवाज सुरू झाला तर दोष बाष्पाचाच. कायमच्या कचऱ्याने तुंबलेली कॅपिलरी असल्या उपचाराला दाद देत नाही. यावर उपाय म्हणजे नवा ड्रायर आणि पुरेसा व्हॅक्यूम. गेजचा काटा तळाला टेकला की दहा मिनिटांत पंप बंद करणारे पुष्कळ भेटतात, पण तेव्हा फक्त हवा गेलेली असते. तेलात व नळ्यांत बसलेले पाणी उकळून निघायला वेळ लागतो. मी पंप किमान पाऊण तास चालवतो, मग व्हॉल्व्ह बंद करून काटा वर सरकतो का ते पाहत बसतो. सरकला तर गळती आहे किंवा पाणी अजून आत आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. ज्यांच्या कंडेन्सरच्या नळ्या बाजूच्या पत्र्यामागे असतात त्या फ्रीजच्या बाजू गरम लागणारच. तो बिघाड समजून कारागिराला बोलावू नये, पण त्यांना खेटून सामानही ठेवू नये. थर्मोस्टॅट टोकाला फिरवल्याने साध्या फ्रीजमध्ये गारवा लवकर येत नाही, कॉम्प्रेसर फक्त उशिरा थांबतो. दार उघडे ठेवून खोली गार करू पाहणाऱ्याची खोली अधिकच तापते. फ्रीझरमधील बर्फ सुरीने खरवडू नये. ॲल्युमिनियमच्या कॉइलला पडलेल्या भोकांपैकी बरीचशी मी सुरीनेच पडलेली पाहिली आहेत. आणि वीज जाऊन लगेच आली तर फ्रीज पाच मिनिटे बंद ठेवावा, कारण कंडेन्सरकडचा दाब कॅपिलरीतून उतरून दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत साधा कॉम्प्रेसर उचल घेत नाही, नुसता गुरगुरतो आणि ओव्हरलोडवर तुटतो.