सकाळी बोट अडकतं? ट्रिगर फिंगरमध्ये या चुका टाळा

उठल्यावर अनामिका किंवा अंगठा तळव्याकडे वाकलेलाच असतो. सरळ करायला गेलं की आधी कळ येते, मग ‘टक्’ होऊन बोट झटक्यात उघडतं. तासाभरात हात मोकळा होतो, म्हणून दिवसभर त्याकडे दुर्लक्ष होतं. दुखणं बहुतेकांना बोटाच्या मधल्या सांध्यात जाणवतं. त्यामुळे मलमही तिथेच चोळलं जातं आणि एक्स-रेही त्याच सांध्याचा काढला जातो. बिघाड मात्र तळव्यात, बोटाच्या मुळाशी असतो. उपचारातल्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

बोटं वाकवणारे टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, बोटात शिरताना हाडालगत राहावेत म्हणून अरुंद पट्ट्यांखालून सरकतात. या पट्ट्यांना पुली म्हणतात. बोटाच्या मुळाशी असलेली पहिली पुली, म्हणजे ए-१, जाड होते आणि तिच्याजवळ टेंडनवर फुगवटा येतो. गाठ पडलेली दोरी कडीतून ओढावी तसा हा प्रकार आहे. मूठ मिटणारे स्नायू ताकदवान असल्यामुळे वाकताना फुगवटा पुलीतून ओढून निघतो. बोट सरळ करणारे स्नायू त्या मानाने कमी जोराचे, म्हणून परतीच्या वाटेवर तो अडकतो. रात्री बोटं तासन्‌तास अर्धवट मिटलेली आणि निश्चल असतात, हातात थोडा द्रवही साठतो, त्यामुळे सकाळी हे सगळ्यात जास्त जाणवतं.

दुखरी जागा स्वतः शोधता येते. तळहाताला आडव्या दोन मोठ्या रेषा असतात. अनामिका आणि करंगळीची पुली बोटांकडच्या रेषेजवळ असते, तर्जनीची मनगटाकडच्या रेषेजवळ आणि मधल्या बोटाची या दोन्हींच्या साधारण मध्ये. अंगठ्याची पुली त्याच्या मुळाशी तळव्याच्या बाजूला जी घडी पडते, तिथे असते. त्या जागी दुसऱ्या हाताचा अंगठा दाबून ठेवा आणि अडकणारं बोट हळू वाकवा-सरळ करा. टणक, दुखरी गाठ अंगठ्याखाली सरकताना लागली, तर निदान जवळपास पक्कं समजा. एक्स-रे किंवा सोनोग्राफी सहसा लागत नाही.

ट्रिगर फिंगर समजून दुसरंच काही तर नाही ना?

बोट कधीच पूर्ण सरळ होत नसेल, टक् असा आवाज नसेल, दुखतही नसेल आणि तळव्यात कातडीखाली ताठ दोरीसारखा पट्टा लागत असेल, तर तो बहुधा ड्युपुट्रेनचा आजार असतो. त्याचे उपचार वेगळे आहेत. याउलट संपूर्ण बोट सुजून फुगलं, ते वाकलेलंच ठेवावंसं वाटतं, दुसऱ्याने थोडं सरळ केलं तरी प्रचंड कळ येते आणि टेंडनच्या पूर्ण लांबीवर दुखतं, तर टेंडनच्या आवरणात जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी स्प्लिंटचा, म्हणजे बोटाला आधार देणाऱ्या पट्टीचा, विचारही नको, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

झटका देणं आणि चेंडू दाबणं

अडकलेलं बोट दुसऱ्या हाताने खाडकन उघडलं की फुगवटा जाड पुलीतून घासत जातो आणि सूज वाढते. त्याऐवजी हात ५ ते १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. मग मनगट तळव्याच्या बाजूला थोडं वाकवा, म्हणजे टेंडनवरचा ताण सैल पडतो. तसंच ठेवून दुसऱ्या हाताने बोटाला खालून आधार द्या आणि सावकाश सरळ करा. या पद्धतीने बऱ्याचदा झटक्याशिवाय बोट सुटतं.

दुसरी चूक म्हणजे ‘हाताला व्यायाम हवा’ म्हणून रबरी चेंडू दाबत बसणं. घट्ट मूठ वळताना या पुलीवर सगळ्यात जास्त ताण येतो, म्हणजे ज्यामुळे दुखतं तेच आपण पुन्हा पुन्हा करतो. गाठीवर जोरात मालिश करून ती ‘विरघळवण्याचा’ प्रयत्नही असाच. बोट किती वेळा अडकतं हे पाहण्यासाठी दिवसभर मुद्दाम वाकवून पाहण्याची सवय अनेकांना लागते. ती आधी सोडा.

स्प्लिंट: लावला, पण चुकीचा

स्प्लिंटचं काम एकच आहे, फुगवटा पुलीतून ये-जा करू न देणं. त्यासाठी पूर्ण बोट कडक बांधायची गरज नसते. नेहमीचा स्प्लिंट बोटाच्या मुळाचा सांधा सरळ किंवा १० ते १५ अंश वाकलेला ठेवतो आणि पुढचे दोन सांधे मोकळे सोडतो. बरोबर बसला की नाही हे ओळखायला सोपी खूण आहे. स्प्लिंट घालून बोट आकड्यासारखं वाकवा. मधला आणि टोकाचा सांधा वाकला पाहिजे, मूळ जागच्या जागी राहिलं पाहिजे. पट्टी लावून सगळं बोट ताठ ठेवलं, तर काही आठवड्यांत मधला सांधा आखडतो आणि मग एका दुखण्याची दोन होतात.

त्रास फक्त सकाळी असेल तर निव्वळ रात्रीचा स्प्लिंटही चालतो. झोपेत बोट वाकलेल्या स्थितीत अडकू नये एवढंच त्याने साधायचं असतं, म्हणून मधला सांधा सरळ ठेवणारी छोटी पट्टीही इथे पुरते. ती दिवसा मात्र काढून ठेवावी.

सगळ्यात जास्त वेळा घात होतो तो मुदतीत. पहिल्या दहा-बारा दिवसांत फारसा फरक दिसत नाही आणि स्प्लिंट कपाटात जातो. किमान ६ आठवडे, गरज पडल्यास १० आठवडे, तोही नियमित, एवढा वेळ द्यावाच लागतो. दिवसातून तीन-चार वेळा स्प्लिंट काढून कातडी पाहा. बोटाचं टोक निळसर, गार किंवा बधिर वाटलं तर पट्टा घट्ट झाला आहे. स्प्लिंटला मर्यादाही आहे. त्रास नवा असेल आणि बोट आपसूक सुटत असेल, तर तो चांगला उपयोगी पडतो. सहा महिन्यांहून जुना त्रास, अनेक बोटं अडकणं किंवा बोट सोडवायला दुसरा हात लागणं, अशा वेळी नुसत्या स्प्लिंटवर महिने घालवू नयेत.

इंजेक्शन: आधीच्या आणि नंतरच्या चुका

स्टेरॉइडचं नाव ऐकून लोक घाबरतात. पण इथे मात्रा छोटी असते, उदाहरणार्थ १० ते २० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन लिग्नोकेन या भुलीच्या थोड्या औषधासोबत, एकूण १ मिलिलिटरच्या आसपास. ते टेंडनमध्ये नव्हे, त्याच्या आवरणात किंवा आवरणालगत सोडलं जातं. पहिल्या इंजेक्शनने निम्म्याहून अधिक जणांना आराम पडतो. फार दिवसांचा त्रास आणि मधुमेह असेल, तर यशाची शक्यता कमी होते.

मधुमेह असताना ते आधी न सांगणं ही गंभीर चूक आहे. इंजेक्शननंतर रक्तातली साखर सुमारे पाच दिवस चढी राहू शकते, इन्सुलिन घेणाऱ्यांत जास्त. त्या दिवसांत साखर कितीदा तपासायची आणि किती झाली तर फोन करायचा, हे सुई टोचण्याआधी विचारून घ्या. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नका.

भुलीमुळे बोट एक-दोन तास बधिर असतं, तेवढ्यात गरम वस्तू धरू नका. भूल उतरली की एक-दोन दिवस दुखणं आधीपेक्षा वाढू शकतं, त्यावर बर्फ आणि साधी वेदनाशामक गोळी पुरते. दोन दिवसांनंतरही लाली आणि सूज वाढतच असेल किंवा ताप आला, तर तो संसर्ग असू शकतो, लगेच दाखवा. टोचलेल्या जागी कातडी फिकट किंवा पातळ होऊ शकते, ते बहुतेकदा हळूहळू भरून येतं.

निकाल फार लवकर लावू नका. आधी दुखणं कमी होतं, अडकणं नंतर थांबतं, आणि त्याला ३-४ आठवडे लागू शकतात. आठवडाभरात टक् आवाज गेला नाही म्हणून दुसऱ्या इंजेक्शनचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. उलट टोकाची चूक म्हणजे आराम पडतो म्हणून एकाच बोटात चौथं-पाचवं इंजेक्शन घेत राहणं. सहसा दोन, फार तर तीनवर थांबतात. पुढे फायदा घटत जातो, आणि टेंडन कमकुवत होण्याची शक्यता थोडी असली तरी असते.

एक उदाहरण

वय ५६, मधुमेहाच्या गोळ्या चालू, उजवी अनामिका तीन महिन्यांपासून अडकते. सुरुवातीला ती आपसूक सुटायची, आता सकाळी डाव्या हाताने सोडवावी लागते. मधल्या सांध्यावर मलम आणि रोज चेंडूचा व्यायाम चालू होता. पहिलं काम, चेंडू बंद. मुळाचा सांधा धरणारा स्प्लिंट रात्री आणि शक्य तेव्हा दिवसाही सहा आठवडे घातला. दुखणं कमी झालं, पण सकाळी दुसरा हात लागतोच आहे. इथे स्प्लिंट आणखी दोन महिने ओढण्यापेक्षा इंजेक्शन योग्य. उपाशीपोटी १४० असलेली साखर दुसऱ्या दिवशी २१० झाली आणि पाचव्या दिवसापर्यंत मूळ पातळीवर आली. आठवडाभरात दुखणं गेलं, अडकणं चौथ्या आठवड्यात थांबलं.

सात महिन्यांनी बोट पुन्हा अडकू लागलं. आता दोन वाटा आहेत, दुसरं इंजेक्शन किंवा पुली मोकळी करण्याची शस्त्रक्रिया. मधुमेहात दुसऱ्या इंजेक्शनचा आराम टिकण्याची खात्री कमी, म्हणून शस्त्रक्रियेचा विचार आत्ताच करणं रास्त ठरतं. इथे एक हिशेब चुकवू नये. इंजेक्शननंतर लगेच शस्त्रक्रिया केली तर संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून शक्यतो तीन महिने जाऊ देतात. म्हणजे शस्त्रक्रिया नक्की करायचीच असेल, तर ‘तोपर्यंत आराम म्हणून’ आणखी एक इंजेक्शन घेऊ नका.

शस्त्रक्रिया त्या जागेपुरत्या भुलीत होते. तळव्यात साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर छेद घेऊन ए-१ पुली कापतात आणि तिथेच बोट वाकवायला सांगून अडकणं गेलं का ते पाहतात. सुईनेही पुली कापता येते, पण अंगठ्यात संवेदनेची नस पुलीच्या अगदी जवळून जाते, म्हणून तिथे उघडी शस्त्रक्रिया जास्त सुरक्षित. संधिवाताच्या रुग्णांनी, म्हणजे ज्यांना रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे त्यांनी, ते आधी सांगायलाच हवं. त्यांच्यात पुली कापल्याने बोटं करंगळीकडे वळण्याचा धोका वाढू शकतो, म्हणून शस्त्रक्रिया वेगळी करतात.

जखम दुखेल या भीतीने पट्टीत हात निश्चल ठेवणं, ही शेवटची आणि वारंवार दिसणारी चूक. त्याच दिवसापासून बोट पूर्ण वाकवायचं आणि पूर्ण सरळ करायचं, दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा फेऱ्या. टाके सहसा १० ते १४ दिवसांनी निघतात, तोपर्यंत जखम कोरडी ठेवा. जोराने पकडायची कामं आणखी काही आठवडे लांबवा, आणि तळव्यातला व्रण दोन-तीन महिने दाबल्यावर दुखला तर घाबरू नका.